लोखंडी जिन्याचं वजन: नेमकी कुठली लांबी धरायची?

आजचा विषय छोटा वाटेल असा आहे. दोन बाजूंना चॅनेल, मधे चेकर्ड प्लेटच्या पायऱ्या, असा साधा लोखंडी जिना. कारखान्यात, पंपहाउसमध्ये, गोदामाच्या पोटमाळ्यावर चढायला आपण हा रोज बघतो. ड्रॉइंगवर दोनच मापं ठळक दिसतात, फ्लाइटची लांबी आणि रुंदी. त्यावरून वजन काढायचं. प्रश्न असा, की या दोन मापांवरून वजन खरंच निघतं का, आणि निघत असेल तर कसं?

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करू. काही वर्षांपूर्वी एका पंपहाउसचा जिना आम्ही वर चढवत होतो. जिना वर्कशॉपमध्ये पूर्ण तयार करून, रेलिंगसुद्धा जोडून, टेम्पोनं साइटवर आणला होता. आमच्या कागदावर वजन होतं चारशे किलोच्या आत. म्हणून अर्ध्या टनाचा चेन ब्लॉक लावला. जिना जमिनीवरून जेमतेम हातभर उचलला आणि साखळी ओढणारा माणूस म्हणाला, "साहेब, जड जातंय." दुसरा मदतीला आला. दोघं मिळून ओढायला लागले आणि तिथेच आमच्या फोरमननं काम थांबवलं. चेन ब्लॉकची साखळी एका माणसाला ओढता आली पाहिजे. दुसरा माणूस लागतोय याचा अर्थ एक तर ब्लॉक बिघडलाय, नाही तर वजन त्याच्या क्षमतेबाहेर आहे. जिना खाली ठेवला. मग कुणीतरी टेम्पोवाल्याकडची वजनकाट्याची पावती मागितली. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीतला फरक ६४० किलो. पावती सकाळपासून त्याच्या खिशात होती, ती वाचली कुणीच नव्हती.

कुणाला लागलं नाही. एक टनाचा ब्लॉक आणला आणि दुपारी जिना चढला. पण ३८३ किलोचा हिशोब ६४० वर कसा गेला, हे आम्ही त्या संध्याकाळी बसून शोधलं. तोच हिशोब आज तुमच्यासमोर पुन्हा मांडतोय.

आधी ड्रॉइंगवर काय होतं ते फळ्यावर लिहून घेऊ.

खालच्या फ्लोअरपासून वरच्या लँडिंगपर्यंत उंची ३००० मिलिमीटर. प्लॅनमध्ये फ्लाइटची लांबी ४००० मिलिमीटर. दोन चॅनेलच्या मधली मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना आयएसएमसी २००, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचा चॅनेल, पाठ आतल्या बाजूला आणि कडा बाहेर. पायऱ्या ६ मिलिमीटर चेकर्ड प्लेटच्या, पुढे आणि मागे खाली वाकवलेल्या.

आम्ही तेव्हा काय केलं? लांबी ४ मीटर, चॅनेल दोन, चॅनेलचं वजन मीटरला २२.३ किलो. झाले १७८ किलो. पायऱ्यांसाठी ४ मीटर गुणिले ०.९ मीटर, म्हणजे ३.६ चौरस मीटर. ६ मिलिमीटर प्लेटचं वजन चौरस मीटरला ४७.१ किलो. झाले १७० किलो. दोन्हींची बेरीज ३४८, वर "किरकोळ सामान आणि रेलिंग" म्हणून दहा टक्के. ३८३ किलो. कागद सुबक दिसत होता. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कमी होती.

पहिली ओळ: चॅनेल

प्लॅनमधली लांबी म्हणजे जिन्याची जमिनीवर पडणारी सावली. चॅनेल सावलीइतका लांब नसतो, तो तिरका जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, आम्हालाही माहीत होतं. पण ड्रॉइंगवर "फ्लाइट लेंग्थ" असं लिहिलेलं असलं की हात आपोआप तेच माप उचलतो.

मग तिरकी लांबी किती? इथे बहुतेक जण लगेच पायथागोरस लावतात. उंची ३, आडवी लांबी ४, तिरकी ५. आकडे इतके छान जुळतात की शंकाच येत नाही. पण जरा थांबू या, कारण इथे एक बारीक गोष्ट आहे.

तीन मीटर चढायला १७ टप्पे लागतात, प्रत्येकी साधारण १७६.५ मिलिमीटर. आता पायऱ्या मोजा. शेवटचा, म्हणजे सतरावा टप्पा चढला की पाय पायरीवर पडत नाही, लँडिंगवर पडतो. म्हणून पायऱ्या १६ आणि टप्पे १७. प्रत्येक पायरीची आडवी चाल २५० मिलिमीटर, सोळा पायऱ्यांची ४०००. ड्रॉइंगवरचे ४००० ते हेच. म्हणजे उंचीत सतरा टप्पे आहेत आणि लांबीत सोळा पायऱ्या. तीन आणि चारचा तो त्रिकोण घेतला तर आपण सतराची उंची सोळाच्या लांबीशी जोडतोय. जिन्याचा खरा उतार ३ ला ४ असा नाही, १७६.५ ला २५० असा आहे. कोन ३५ अंशांच्या थोडा वर येतो, ३७ नाही.

आता एका टप्प्याची तिरकी लांबी काढू. १७६.५ आणि २५० यांचा कर्ण ३०६ मिलिमीटर. फ्लोअरपासून लँडिंगपर्यंत असे १७ टप्पे, म्हणजे ५.२ मीटर. चॅनेलची वरची कड पायऱ्यांच्या नोकांच्या जवळून जाते, त्यामुळे त्या कडेची लांबी हीच, ५.२ मीटरच्या आसपास.

खालची कड मात्र इतकी लांब नसते. चॅनेल खाली फ्लोअरला समांतर कापलेला असतो आणि वर लँडिंगच्या बीमला लागायला उभा कापलेला असतो. २०० मिलिमीटरच्या चॅनेलला या दोन तिरक्या कापांमुळे खालची कड साधारण ४.८ मीटरच उरते. वरची ५.२, खालची ४.८, सरासरी ५.०. म्हणजे वजनाला ५ मीटर हाच आकडा बरोबर येतो.

(श्रोत्यांतून: मग ३-४-५ बरोबरच आहे की!)

वजनापुरतं इथे जुळलं, योगायोगानं. चॅनेलची उंची किंवा तो बसवण्याची जागा बदला, हा योगायोग मोडतो. आणि खरी अडचण वजनात नाही, कापण्यात आहे. पाच मीटर हा आकडा घेऊन कुणी चॅनेल कापायला सांगितला तर तो सुमारे वीस सेंटिमीटर आखूड पडेल. कापायला लांब टोकापासून लांब टोकापर्यंतचं माप लागतं, ५.२ मीटर आणि वर थोडी सूट. उचलायला मधल्या रेषेचं माप लागतं, ५.० मीटर. आणि प्लॅनमधले ४ मीटर या दोन्हींपैकी कशालाच लागत नाहीत. एका चॅनेलच्या या तीन लांब्या डोक्यात वेगळ्या ठेवल्या की अर्धं काम झालं.

तर चॅनेल: २ गुणिले ५.० गुणिले २२.३, म्हणजे २२३ किलो. आमच्या पहिल्या हिशोबात १७८ होते. इथेच ४५ किलो गेले.

खरेदीचा आकडा आणखी निराळा. चॅनेल साधारण १२ मीटरच्या नगात घेतला तर दोन तुकडे ५.२ चे निघतात आणि दीड मीटरच्या वर उरतं. पूर्ण नगाचं वजन २६८ किलो, जिन्यात जातात २२३. मधले ४५ किलो म्हणजे उरलेला तुकडा आणि तिरक्या कापातले त्रिकोण. कुणी तुम्हाला "जिन्याला माल किती लागला" असं विचारलं तर आधी विचारा, विकत घेतलेला की उभा राहिलेला?

आणखी एक. जुन्या पुस्तकात आयएसएमसी २०० चं वजन २२.१ दिसेल, नंतरच्या तक्त्यांत २२.३. त्यावरून वाद घालू नका. रोलिंगमध्येच दोन-अडीच टक्के इकडेतिकडे होतं.

दुसरी ओळ: पायऱ्या

इथे चूक उलट्या दिशेनं होते. चॅनेलसाठी तिरकी लांबी लागते हे एकदा पटलं की माणूस उत्साहात पायऱ्यांनाही तीच लावतो. पाच मीटर गुणिले ०.९. पण पायऱ्या तिरक्या नसतात, त्या आडव्याच असतात. त्यांचा तिरक्या लांबीशी काही संबंध नाही. पायऱ्या मोजायच्या, एका पायरीचं वजन काढायचं आणि गुणायचं. यापेक्षा सोपी आणि भरवशाची पद्धत नाही.

आपल्या पायऱ्या १६. सतरा नाहीत. उंचीला टप्प्यानं भागून जो आकडा येतो तोच पायऱ्यांना लावला तर एक पायरी जास्त पडते. इथे तो फरक पंधरा किलोचा.

आता एक पायरी हातात घेऊ. चाल २५० ची आहे, पण प्लेट २५० ची नसते. वरच्या पायरीचा नोक खालच्या पायरीवर थोडा पुढे येतो, इथे २५ मिलिमीटर. म्हणून वरचा सपाट भाग २७५. पुढे ४० मिलिमीटर खाली वाकवलेलं, मागे ४० मिलिमीटर खाली वाकवलेलं. ही वाकवण दिखाव्यासाठी नाही. सहा मिलिमीटरची सपाट प्लेट ९०० मिलिमीटरच्या अंतरावर पायाखाली लवते, आवाज करते. दोन्ही कडा वाकवल्या की तीच प्लेट उपड्या ट्रेसारखी ताठ होते. पण त्या कडांनाही वजन आहे, आणि प्लॅनमध्ये त्या दिसतच नाहीत. प्लॅनमध्ये सोळा पायऱ्या एकमेकींना चिकटून ४ मीटरचा पट्टा दिसतो, नोकाखाली दडलेले २५ मिलिमीटर आणि वाकवलेले ८० मिलिमीटर दिसत नाहीत.

बाहेरून मोजलं तर २७५ अधिक ४० अधिक ४०, म्हणजे ३५५. वाकवण्याआधी प्लेट इतकी रुंद कापायची नसते, कारण कोपऱ्यात वळताना प्लेट बाहेरच्या मापापेक्षा आखूड रस्ता घेते. सहा मिलिमीटरच्या प्लेटला, वळण आतून तेवढ्याच गोलाईचं असेल तर, एका वाकवणीत साधारण १० मिलिमीटर वजा होतात. दोन वाकवणी, म्हणून उलगडलेली रुंदी ३३५. तुमच्या प्रेस ब्रेकच्या डायवर हे एक-दोन मिलिमीटर बदलेल. वजनाला त्यानं फरक पडत नाही, पायरीच्या मापाला पडतो. म्हणून पहिला तुकडा वाकवून मोजायचा आणि मगच बाकीचे कापायचे.

एका पायरीचं क्षेत्रफळ ०.९ गुणिले ०.३३५, म्हणजे जवळपास ०.३ चौरस मीटर.

आता प्लेटचं वजन. आम्ही ४७.१ घेतलं होतं. हा आकडा साध्या ६ मिलिमीटर प्लेटचा. घनता ७८५० किलो घनमीटरला, गुणिले सहा मिलिमीटर, बरोबर ४७.१. पण चेकर्ड प्लेटची जाडी मोजतात ती नक्षी सोडून. उठावदार नक्षी त्या सहा मिलिमीटरच्या वर असते आणि तिचं वजन वेगळं. म्हणून ६ मिलिमीटर चेकर्ड प्लेट चौरस मीटरला साधारण ५० किलो भरते. पुरवठादाराच्या तक्त्यात त्याच्या नक्षीप्रमाणे नेमका आकडा असतो, तो घ्या. तो नसेल तर ५० धरा, ४७ धरू नका. साइटवर जाडी तपासतानाही हेच लक्षात ठेवा. मायक्रोमीटरचा जबडा नक्षीवर ठेवला तर पाचची प्लेटसुद्धा सहाची वाटेल. दोन उठावांच्या मधल्या खोलगट जागी मोजायचं.

एक पायरी १५.१ किलो. सोळा पायऱ्या २४१ किलो. आमच्या कागदावर होते १७०. जवळपास ७० किलोंची तूट. त्यातले ५८ किलो वाकवलेल्या कडा आणि नोकाखालच्या पट्ट्यांचे, १४ किलो नक्षीचे.

इथे एक गंमत बघा. चुकून तिरकी लांबी लावली असती तर ५ गुणिले ०.९ गुणिले ५०, म्हणजे २२५ किलो आलं असतं. खऱ्या २४१ च्या बरंच जवळ. म्हणून काही जण वर्षानुवर्षं ही चुकीची पद्धत वापरतात आणि त्यांचं चालून जातं. लांबी जास्त धरली, कडा विसरले, दोन चुकांनी एकमेकींना सावरलं. पण कडा ४० ऐवजी ६० च्या झाल्या, किंवा एखाद्या जिन्याला कडाच नसल्या आणि खाली अँगलची चौकट आली, की हे सावरणं संपतं. आकडा बरोबर का आला हे माहीत नसेल तर तो पुढच्या वेळी चुकणार.

तिसरी ओळ: किरकोळ सामान

"किरकोळ" या शब्दानं आम्हाला सगळ्यात जास्त फसवलं. दहा टक्के धरले होते, म्हणजे ३५ किलो. आता एकेक वस्तू मोजू.

प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना खाली ५० बाय ५० बाय ६ चा अँगल, चॅनेलच्या पाठीवर वेल्ड केलेला. लांबी २२५ मिलिमीटर. या अँगलचं वजन मीटरला ४.५ किलो. म्हणजे एक तुकडा एक किलोचा. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण असे ३२ तुकडे आहेत. ३२ किलो. दहा टक्क्यांतले जवळपास सगळे इथेच संपले.

मग खालच्या आणि वरच्या प्लेटा. खाली बेस प्लेट किती लांब लागते याचा अंदाजही अनेकदा चुकतो. चॅनेल २०० चा आहे म्हणून प्लेट अडीचशेची पुरेल असं वाटतं. पण चॅनेल तिरका येऊन फ्लोअरला टेकतो, त्यामुळे त्याचा ठसा ३४७ मिलिमीटर लांब पडतो. म्हणून आम्ही ४०० बाय १५० ची १२ मिलिमीटर प्लेट वापरली. वरच्या उभ्या कापाला २४५ मिलिमीटर उंची येते, तिथे २७० बाय १५० ची. दोन्ही बाजूंच्या मिळून चार प्लेटा, १९ किलो.

आणि रेलिंग. ते किरकोळात कसं काय धरलं होतं, याचं उत्तर आजही आमच्याकडे नाही. दोन्ही बाजूंना ४० एनबी मीडियम पाइप, मीटरला सुमारे ३.६ किलो. वर हात धरायचा एक पाइप आणि मधे एक, दोन्ही चॅनेलला समांतर, म्हणजे प्रत्येकी ५.२ मीटर. एका बाजूला पाच उभे खांब, प्रत्येकी एक मीटर. मिळून एका बाजूला १५.४ मीटर, ५५ किलो. दोन्ही बाजूंना १११ किलो.

आता फळ्यावरचा हिशोब पूर्ण करू.

चॅनेल: २२३ किलो
पायऱ्या: २४१ किलो
पायऱ्यांखालचे अँगल: ३२ किलो
वरच्या-खालच्या प्लेटा: १९ किलो
इथपर्यंत बेरीज: ५१५ किलो
रेलिंग: १११ किलो
वेल्ड, नटबोल्ट, रंग: साधारण १० किलो
एकूण: ६३६ किलो

काट्यावर ६४० होतं. काटाही पाच-दहा किलोंच्या टप्प्यानंच दाखवतो. म्हणजे हिशोब बसला.

आणि हेही बघा, की रेलिंग नंतर लावायचं ठरवलं असतं तरी वेल्ड-रंग धरून जिना ५२० च्या वर होता. अर्ध्या टनाचा ब्लॉक तेव्हाही चालला नसता.

रुंदी बदलली तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लांबी आणि रुंदी यांवरून वजन पटकन सांगता येईल का? याच जिन्याची रुंदी बदलून बघू. रुंदी वाढली तर चॅनेल वाढत नाहीत. अँगलचे तुकडे वाढत नाहीत. बेस प्लेट तीच. रेलिंग तेच. वाढते फक्त पायरीची लांबी. म्हणून रेलिंग सोडून उरलेल्या ५१५ किलोंचे दोन भाग पडतात. २७४ किलो रुंदीशी काही देणंघेणं नसलेले, आणि २४१ किलो रुंदीच्या प्रमाणात. एक मीटर रुंदीला ते २६८ होतात. असं लिहिता येईल:

वजन (किलो) = २७४ + २६८ × मोकळी रुंदी (मीटर)

९०० मिलिमीटरला ५१५ येतं, १२०० ला ५९६. रुंदी एक तृतीयांशानं वाढली, वजन मात्र साधारण १६ टक्क्यांनीच वाढलं. म्हणून "चौरस मीटरला इतके किलो" असा एकच दर लावून जिन्याचा भाव देणारा माणूस अरुंद जिन्यात तोटा खातो आणि रुंद जिन्यात जास्त मागतो.

हे सूत्र याच जिन्याचं आहे, तसंच्या तसं दुसऱ्या जिन्याला लावू नका. पण त्याचा घाट कुठल्याही जिन्याला लागतो. लांबीबरोबर वाढणारे चॅनेल आणि रेलिंग, पायऱ्यांच्या संख्येबरोबर वाढणारे अँगल, आणि पायऱ्या व रुंदी या दोन्हींबरोबर वाढणारी प्लेट. फ्लाइट लांब केलीत तर आधी पायऱ्या किती होतात ते काढा, कारण लांबी सलग वाढत नाही, एकेका पायरीनं वाढते. या जिन्यात एक पायरी वाढली की रेलिंग सोडून सुमारे ३१ किलो वाढतात. त्यात १५ पायरीचे, २ अँगलचे आणि साधारण १४ दोन चॅनेलमधल्या ३०६ मिलिमीटरचे.

रुंदीलाही मर्यादा आहे. पायरी फार लांब झाली की ४० मिलिमीटरच्या कडा तिला ताठ ठेवायला पुऱ्या पडत नाहीत. मग कडा मोठ्या होतात, किंवा पायरीखाली मधे पट्टी येते. तिथे ही सरळ रेषा मोडते आणि एका पायरीचं वजन नव्यानं काढावं लागतं.

आता प्रश्न घेऊ.

(श्रोता: रुंदी कुठून कुठे मोजायची? ड्रॉइंगवर नुसतं "विड्थ" लिहिलेलं असतं.)

चांगला प्रश्न. चॅनेलच्या कडा बाहेर असतील तर प्रत्येक बाजूला ७५ मिलिमीटर जातात. मोकळी रुंदी ९०० असेल तर जिना बाहेरून १०५० दिसतो. ड्रॉइंगवर १०५० लिहिलं असेल आणि तुम्ही तीच पायरीची लांबी धरली, तर सोळा पायऱ्यांत मिळून ४० किलो जास्त येतील. वजन जास्त धरल्याचं एक वेळ चालेल, पण त्याच मापानं पायऱ्या कापल्या गेल्या तर त्या दोन चॅनेलच्या मधे बसणारच नाहीत. म्हणून प्लॅन बघून थांबू नका. आडवा छेद मागा, आणि चॅनेलची पाठ कुठल्या बाजूला आहे ते बघा.

(श्रोती: दोनशेचाच चॅनेल कशाला? दीडशेचा घेतला तर वजन वाचेल ना?)

वाचेल. आयएसएमसी १५० मीटरला १६.८ किलो आहे, दोन चॅनेलमध्ये मिळून ५५ किलो वाचतील. पण पायरी त्यात मावते का ते आधी बघा. पायरी आडवी आणि चॅनेल तिरका. आपल्या पायरीचा पुढचा वरचा कोपरा आणि मागच्या कडेचा खालचा कोपरा, या दोघांमधलं अंतर चॅनेलच्या उंचीच्या दिशेनं मोजलं तर १९१ मिलिमीटर येतं. दोनशेच्या चॅनेलच्या पाठीवर ती जेमतेम बसते. दीडशेच्या चॅनेलला ती चार सेंटिमीटरनं बाहेर येईल, पायरीचं टोक हवेत लोंबेल आणि वेल्डला जागाच उरणार नाही. म्हणजे बऱ्याचदा चॅनेलची उंची भारानं नाही, पायरीच्या मापानं ठरते. भार आणि लवण वेगळी तपासायचीच, पण दीडशेला नाही म्हणायला ही आकृती पुरते.

(श्रोता: एवढा हिशोब करायला वेळ नसेल तर पटकन तपासणी कशी करायची?)

दोन गोष्टी बघा. पहिली, कागदावर चॅनेलची लांबी आणि प्लॅनमधली लांबी एकच आकडा असेल तर तो कागद परत करा. या उताराच्या जिन्यात चॅनेल प्लॅनपेक्षा पाऊणपट ते दीडपट नाही, साधारण सव्वापट असतो. दुसरी, नऊशे ते हजार रुंदीच्या अशा जिन्यात पायऱ्यांचं आणि चॅनेलचं वजन जवळपास सारखं येतं. एक दुसऱ्याच्या निम्मं दिसलं तर काहीतरी राहिलंय, आणि बहुतेक वेळा पायऱ्यांच्या कडाच राहिलेल्या असतात.

(श्रोता: बिल वजनावर असेल तर तिरक्या कापातले त्रिकोण कुणाचे?)

करारात लिहिलेलं असेल तसं. दोन्ही चॅनेल मिळून ते नऊ-साडेनऊ किलोच आहेत. एका जिन्याला त्यावरून भांडू नये. पण एकाच नमुन्याचे चाळीस जिने असतील तर ते पावणेचारशे किलो होतात. तेव्हा काम सुरू होण्याआधीच, मोजमाप लांब टोकाचं की मधल्या रेषेचं, हे एका ओळीत लिहून घ्यावं. नंतर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि बिल अडकून राहतं.

वेळ संपत आली. त्या दिवसापासून आमच्याकडे एक सवय लागली आहे. जिन्याच्या कागदावर सगळ्यात वर तीन लांब्या वेगवेगळ्या लिहायच्या: प्लॅनमधली, कापायची आणि वजनाची. त्याखाली पायऱ्यांची संख्या आणि एका पायरीची उलगडलेली रुंदी. आणि गाडी काट्यावरून आली असेल तर पावती ड्रायव्हरच्या खिशात राहू द्यायची नाही. चेन ब्लॉक लावण्याआधी ती फोरमनच्या हातात हवी.

पुढच्या व्याख्यानात याच जिन्याला मधलं लँडिंग जोडू आणि लँडिंगच्या प्लेटखाली अँगल किती अंतरावर घ्यायचे ते बघू.